चुलीतली राख, नारळाची सोडणं आणि परसबागेचा हिशेब

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांत स्वयंपाक गॅसवर गेला, पण आंघोळीचं पाणी अजून लाकडावरच तापतं. परसदारी बागेतला पालापाचोळा, वाळलेल्या झावळ्या, नारळाची सोडणं, करवंट्या, आंब्या-फणसाच्या तुटलेल्या फांद्या हे सगळं फुकटचं जळण हाताशी असतं. सकाळी आधीची राख काढायची, सूप किंवा फुटकं घमेलं भरून बाहेर न्यायची आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या केळीच्या बुंध्याशी ओतायची. पुढच्या दिवशी तीच जागा आणि तीच केळ. पिढ्यान्‌पिढ्या हे असं चालत आलेलं असल्यामुळे यात काही चुकत असेल असं कुणाला वाटत नाही. केळ तर जोमात असते. पण त्याच केळीशेजारची मिरची का पिवळी पडली, पपईची नवी पानं फिकट का येतात, याचा संबंध त्या राखेशी कुणी जोडत नाही.

राखेला घरोघर खत म्हणतात आणि ते खोटं नाही. झाडाने मातीतून उचललेलं पोटॅश, चुना, मॅग्नेशियम, थोडा स्फुरद आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं जळल्यानंतर राखेत उरतात. नत्र मात्र धुराबरोबर उडून जातं, त्यामुळे राखेत ते जवळजवळ नसतंच. लाकडाच्या राखेत साधारण शेकडा पाच भाग पोटॅश आणि एक-दोन भाग स्फुरद धरता येतो. पण वजनाने सर्वांत मोठा वाटा चुन्याचा असतो. चांगल्या लाकडाच्या दोन किलो राखेचा मातीच्या आम्लतेवर जवळपास एक किलो शेतीच्या चुन्याइतका परिणाम होतो. म्हणून राख टाकणं म्हणजे आधी चुना टाकणं आणि मग जमलं तर पोटॅश देणं, असं समजून चाललं की पुढचे निम्मे घोटाळे टळतात.

आता चुलीचा हिशेब मांडून पाहू. पाणी तापवायला दिवसाला पाच किलो जळण लागतं असं धरू. सालीसकट फांद्या आणि झावळ्या जाळल्या तर शंभर किलोमागे दीड किलो राख धरायला हरकत नाही. सोललेल्या सोटाची राख त्याहून कमी निघते, पानांची जास्त. म्हणजे दिवसाला ७५ ग्रॅम आणि वर्षाला सत्तावीस किलोच्या आसपास राख झाली. आम्ल जमिनीतल्या भाजीच्या वाफ्याला दर १०० चौरस फुटांमागे वर्षाला अर्धा किलो राख पुरते आणि जमीन बरीच आम्ल असली तरी ९०० ग्रॅमच्या वर जाऊ नये. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्याला वर्षाला फार तर दहा किलो राख चालेल. थोडक्यात, एका चुलीची वर्षाची राख रिचवायला किमान तीन गुंठे लागतात. केळीच्या बुंध्याशी ती चार बाय पाच फुटांच्या जागेत पडते, तेव्हा त्या जागेला पेलेल त्याच्या दीडशे पट राख वर्षभरात जाते.

केळ तरीही तगते याला कारणं आहेत. केळीला पोटॅशची भूक मोठी असते आणि वर सांडपाणी रोज पडत असतं. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. राखेतलं पोटॅश पाण्यात झटकन विरघळतं, त्यामुळे त्यातलं बरंचसं वाहून जातं. चुना मात्र मागे राहतो आणि साचत जातो. अशा जागेची माती कोरड्या दिवसांत पाहिली तर वर पांढुरका पापुद्रा दिसतो आणि ढेकूळ फोडलं तर ते आतूनही करडं निघतं. तिथे लावलेल्या रोपाची नवी पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे सामू चढला की मुळांना ते उचलता येत नाही. पानांच्या कडा करपल्या तर ते क्षारांचं काम समजावं. नत्र कमी पडलं तर जुनी, खालची पानं आधी फिकट होतात. लोह कमी पडलं तर शेंड्याची कोवळी पानं. हा एवढा फरक डोळ्यांत बसला तर पिवळ्या झाडाला उगाच युरिया घालण्याची चूक होणार नाही.

कोकणात राखेला मुळात जागा मिळाली ती तिथल्या तांबड्या, जांभ्या जमिनीमुळे. मुसळधार पावसाने या जमिनीतला चुना शतकानुशतकं धुऊन नेला आहे. म्हणून ती आम्लधर्मी असते आणि तिचा सामू बऱ्याच ठिकाणी साडेपाच-सहाच्या आसपास भरतो. गोव्यातल्या जांभ्या पठारांवरही तसंच आहे. अशा मातीत थोडी राख म्हणजे तिला हवा असलेला चुनाच. पण मुंबईहून सोलापूरला बदली झालेलं एखादं कुटुंब तीच सवय घेऊन गेलं तर गणित उलटतं. देशावरच्या काळ्या जमिनीत चुना आधीच भरपूर असतो आणि सामू आठच्या पुढे असणं तिथे नवलाचं नाही. उसाची पानं पिवळी-पांढरी पडतात, त्याला तिकडचे शेतकरी केवडा म्हणतात. त्यामागे बहुतेक वेळा ही चुनखडीची जमीन आणि तिच्यात अडकलेलं लोहच असतं. तिथे परसबागेत राख टाकणं म्हणजे केवड्याला आमंत्रण. विदर्भात, मराठवाड्यात, पुण्या-नगरकडच्या काळ्या मातीत राखेचा बागेसाठी काही उपयोग नाही, असं सरळ म्हणावं. शहरातल्या कुंड्यांना बोअरवेलचं जड पाणी घालत असाल तर तिथेही हेच, कारण त्या पाण्यातून चुना रोजच्या रोज उतरत असतो.

माती कुठल्या जातीची आहे याची पहिली चाचणी घरात होते. मूठभर कोरडी माती बशीत घ्यावी आणि तिच्यावर दोन चमचे व्हिनेगर ओतावं. फसफसून बुडबुडे आले तर त्या मातीत मोकळा चुना आहे आणि राख तिच्या वाटेला जाऊ देऊ नये. काहीच झालं नाही तर एवढंच कळलं की मोकळा चुना नाही. माती आम्ल आहेच, असं त्यावरून ठरत नाही. त्यासाठी माती परीक्षण करून सामूचा आकडा हातात घ्यावा. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली सुरू झाली, त्या पत्रिकेत सामू दिलेला असतो. आकडा साडेसहाच्या वर असेल तर राख थांबवावी. साडेपाच-सहा असेल तर वर सांगितलेल्या मापाने द्यावी आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावं. नमुना राख पडत असलेल्या कोपऱ्यातला न घेता वाफ्यातल्या चार-पाच ठिकाणचा एकत्र करून घ्यावा, नाहीतर आकडा फसवतो.

राख द्यायची वेळ कोकणात पाऊस सरल्यावरची. जूनच्या तोंडावर टाकलेली राख पहिल्या चार सरींत आपलं पोटॅश गमावून बसते. दसऱ्याच्या सुमाराला मुळा, लाल माठ, मिरची, वालाचे वाफे तयार करताना ती द्यावी. आधी चाळून घ्यावी, म्हणजे कोळसे आणि खिळे वेगळे होतात. मग वजन करावं. मूठ किंवा डबा हे माप राखेला चालत नाही, कारण पोकळ राख आणि दबलेली राख यांच्या वजनात दुपटीचा फरक पडू शकतो. दहा बाय दहा फुटांच्या वाफ्याला अर्धा किलो राख वारा नसताना हाताने विरळ भुरभुरावी, चार-सहा इंच मातीत मिसळावी, पाणी द्यावं आणि दोन-तीन आठवडे थांबून मगच बी पेरावं. ताज्या राखेत कोवळं मूळ जळतं. ओल्या राखेचं पाणी कडक अल्कली असतं. पूर्वी त्याने कपडे धूत, ते याच गुणामुळे. ते हाताला आणि डोळ्यांना झोंबतं, म्हणून हातमोजे घालावेत आणि नाकावर फडकं बांधावं. मुलांना हे काम देऊ नये.

या दोन-तीन आठवड्यांत युरिया, अमोनियम सल्फेट किंवा ताजं शेण त्या वाफ्यात जाता कामा नये. राखेच्या अल्कलीने त्यांतलं नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं. उकिरड्यावर राख ओतण्याची पद्धत कोकणात सर्रास आहे आणि तिचा तोटा याच वाटेने होतो. ताज्या शेणावर राखेचं घमेलं रिकामं केलं की थोड्या वेळाने नाकात झणझणीत वास शिरतो. तो वास म्हणजे डोळ्यांदेखत जाणारं नत्रच. उकिरड्याला राख द्यायचीच असेल तर पालापाचोळ्याच्या थरावर नुसती धुरळल्यासारखी द्यावी, शेणाच्या थरावर नाही. गांडूळखताच्या वाफ्यात तर ती अजिबात नको.

राखेचा आणखी एक घरगुती उपयोग काकडी-दुधी-पडवळाच्या वेलांवर होतो. कोवळ्या वेलाची पानं लाल भुंगेरे कुरतडून चाळण करतात. सकाळी दंव असताना पानांवर चाळलेली राख भुरभुरली तर ती चिकटते आणि भुंगेरा त्या पानाकडे सहसा फिरकत नाही. पाऊस पडला किंवा वेलाला वरून पाणी घातलं की ती धुऊन जाते आणि पुन्हा द्यावी लागते. थर मात्र पातळच असावा. पान करडं झाकलं जाईल इतकी राख घातली तर त्याच पानाच्या कडा जळतात. वेल फुलांवर आला की राख बंद करावी, कारण भुंगेऱ्याबरोबर परागीभवन करणाऱ्या माश्याही दूर राहतात.

भाताच्या राबाची आठवण इथे येणारच. ठाणे-रायगडपासून सह्याद्रीच्या पायथ्याशी, रोपवाटिकेच्या जागेवर शेण, टहाळे, पाला आणि गवत यांचे थर देऊन उन्हाळ्यात ते भाजतात आणि पावसाच्या तोंडावर तिथे भात पेरतात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबाचा रासायनिक अभ्यास करून तो १९१२ साली प्रसिद्ध केला होता. राबाचं सगळं श्रेय राखेला देण्याची सवय आहे; पण तिथे वरची माती तापते, तणाचं बी भाजून मरतं आणि तापलेल्या मातीतून रोपाला लगेच मिळेल असं नत्र सुटतं. नुसती राख आणून वाफ्यावर टाकल्याने राब भाजल्याचा गुण येत नाही.

नारळाच्या झाडाकडे वळलं की राखेची खरी मर्यादा दिसते. नारळाला सर्वांत जास्त लागतं ते पोटॅश. कासारगोडच्या केंद्रीय रोपवण पीक संशोधन संस्थेची शिफारस मोठ्या झाडाला वर्षाला १,२०० ग्रॅम पोटॅशची आहे. आता दोन मीटर त्रिज्येचं आळं घेतलं तर त्याचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस मीटर भरतं आणि भाजीच्या वाफ्याच्याच कमाल मापाने त्याला सव्वा किलो राख चालते. तेवढ्या राखेतून पोटॅश मिळतं साधारण ६० ग्रॅम, म्हणजे गरजेचा विसावा हिस्सा. बाकीचं सगळं राखेतूनच द्यायचं ठरवलं तर झाडाला चोवीस किलो राख लागेल आणि तिच्याबरोबर बारा किलो चुना जाईल. तो नारळालाही मानवणार नाही. “माडाला राख घातली की खत नको” हे वाक्य म्हणून आकड्यांपुढे टिकत नाही. राख हा पूरक घास समजावा आणि झाडाची भूक शेणखताने व शिफारशीच्या खतांनी भागवावी.

माडाला जास्त उपयोगी पडतं ते त्याचंच सोडण, आणि तेही न जाळता. नारळ सोलल्यावर जे सालपट निघतं त्यात धाग्यांच्या मधे भुसभुशीत, तपकिरी भुसा असतो. हा भुसा स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. सोडण जाळलं की हा गुण एका सकाळीत संपतो आणि हातात राहते मूठभर राख. किनाऱ्यालगतच्या वाळूत पाणी ठरत नाही आणि जांभ्यावर माती खोल नसते. अशा ठिकाणच्या माडांना फेब्रुवारीपासून पाण्याचा ताण पडतो आणि लहान फळं गळतात. त्यावर सोडणं पुरणं हा जुना आणि संशोधन केंद्रांनीही शिफारस केलेला उपाय आहे.

त्याची रीत अशी. खोडापासून दोन मीटर अंतरावर अर्धा मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल चर खणायचा. त्यात सोडणं रचताना खोलगट बाजू वर ठेवायची, म्हणजे प्रत्येक सोडण वाटीसारखं पाणी झेलतं. एक थर सोडणांचा, त्यावर मातीचा पातळ थर, पुन्हा सोडणं, आणि शेवटी वर माती. हे काम पावसाच्या सुरुवातीला केलं तर पहिल्याच पावसाळ्यात चर पाण्याने भिजून तयार होतो. पुरलेली सोडणं पाच ते सात वर्षं काम देतात. पण पुरा गोल चर भरायला हजाराच्या वर सोडणं लागतात आणि घरच्या आठ-दहा माडांच्या बागेत एका झाडासाठी एवढी साठत नाहीत. म्हणून दरवर्षी पाव गोल घ्यावा. त्याचा दुसरा फायदा असा की एकाच वेळी चारही बाजूंची मुळं तुटत नाहीत. चार वर्षांत फेरा पूर्ण होतो, आणि पहिल्या पाव गोलातली सोडणं कुजून मऊ होत येतात तोवर पुढच्या फेऱ्याची वेळ येते. सखल, पाणी तुंबणाऱ्या जागेत मात्र हा चर करू नये. तिथे मुळांना पाण्याहून हवेची गरज जास्त असते.

आळ्यात वरून आच्छादन म्हणून सोडणं पसरायची तर मांडणी बरोबर उलट हवी. खोलगट बाजू खाली आणि पाठ वर. यात नुसती टापटीप नाही. उताण्या सोडणात आणि करवंटीत पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला उन्हापावसाच्या दिवसांत आठवडा-दहा दिवस पुरतात. परसात सोडणांचा ढीग करून ठेवणाऱ्याने तो पावसाळ्याआधी पुरून तरी टाकावा, नाहीतर छपराखाली तरी हलवावा. आच्छादन खोडाला चिकटू देऊ नये, एक-दीड फूट मोकळं सोडावं, नाहीतर वाळवी त्या वाटेने वर चढते. अर्धवट कुजलेला भुसा शेणाबरोबर साठवला असेल तर तो अधूनमधून उलटून पाहावा. गेंड्या भुंगा अशा ढिगात अंडी घालतो. मळकट पांढऱ्या, वाकड्या, बोटाएवढ्या जाड अळ्या दिसल्या तर वेचून नष्ट कराव्यात, नाहीतर पुढे तेच भुंगे माडाचा शेंडा पोखरतात.

भाजीच्या वाफ्यात सोडणाचा कच्चा भुसा मिसळण्याची चूक बरेच जण करतात. हा भुसा कार्बनने भरलेला, नत्राने दरिद्री. तो मातीत गेला की त्याला कुजवणारे सूक्ष्मजीव आपली नत्राची गरज मातीतून भागवतात आणि पिकाच्या वाट्याला काही उरत नाही. मेथी-माठ उगवतात खरे, पण खुजे आणि फिकट राहतात, खालची पानं आधी पिवळी पडतात. वर पसरला तर हा त्रास होत नाही. खत करायचं तर शेण आणि गिरिपुष्पाच्या हिरव्या पाल्याबरोबर थर देऊन तो ओलसर ठेवावा आणि वर्षभराची तरी वाट पाहावी. काळसर होऊन हातात चुरला गेला आणि धागा सहज तुटला की खत झालं.

शहरात हाच भुसा कोकोपीटच्या विटेच्या रूपात घरी येतो. त्यात एक गोष्ट पाकिटावर ठळकपणे लिहिलेली नसते. नारळाच्या सोडणात पोटॅशियम आणि क्लोराइड मुळातच असतात आणि काथ्यासाठी सोडणं खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजवली असतील तर सोडियमही भरपूर येतं. विट भिजवली की निघणाऱ्या तपकिरी पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण रंग हा क्षारांचा पुरावा नाही. रंग गेला तरी क्षार राहू शकतात. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राबरोबर बऱ्याच घरांत टीडीएस मोजायचं पेनासारखं उपकरण आलेलं असतं. ते इथे कामाला येतं. भुसा नळाच्या पाण्यात तासभर भिजवावा, पिळावा आणि पिळलेल्या पाण्याचा आकडा पाहावा. नळाच्या पाण्याचा आकडा २०० आणि पिळलेल्या पाण्याचा ९०० असेल तर ते पाणी टाकून पुन्हा भिजवावं. दोन आकडे जवळ येईपर्यंत हे चालू ठेवावं. बऱ्याचदा तीन धुण्यांत काम होतं. उपकरण नसेल तर धुतलेल्या भुशात दहा आणि साध्या मातीत दहा मेथीदाणे पेरावेत. भुशातले उगवण्यात मागे पडले किंवा त्यांच्या पानांच्या कडा वाळल्या तर धुणं पुरलेलं नाही.

धुतलं तरी एक खोड उरते. या भुशाच्या कणांना पोटॅशियम आणि सोडियम चिकटून असतात आणि खतातून आलेला कॅल्शियम-मॅग्नेशियम तो आपल्याकडे ओढून घेतो. म्हणून निव्वळ कोकोपीटमध्ये लावलेल्या टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडून कुजतं. फळाला कॅल्शियम कमी पडल्याची ती खूण. व्यावसायिक रोपवाटिका यासाठी भुसा कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून घेतात. घरी कुंडीच्या मिश्रणात कोकोपीट एक तृतीयांशाच्या पुढे जाऊ न देणं आणि बाकी माती व चांगलं कुजलेलं शेणखत वापरणं पुरेसं ठरतं.

इथेच राख आणि नारळ एकमेकांच्या वाटेत येतात. कोकोपीट भरलेल्या कुंडीला वरून राखही दिली तर दोन्हीकडून पोटॅश येतं. पोटॅश फार झालं की मुळं मॅग्नेशियम कमी घेतात, मग जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडत जातो. कुंडीत माती थोडी, पाऊस नाही आणि निचरा आखडता असल्यामुळे चूक लवकर पिकते आणि लवकर निघतही नाही. कुंडीसाठी या दोहोंतलं एकच निवडावं, आणि ती निवड कोकोपीटची असावी. सोडणं जाळून झालेली राख तर लाकडाच्या राखेहून पोटॅशने जास्त भारी असते, तिचं माप निम्मं धरावं. अनंत किंवा एक्झोरासारख्या आम्ल मातीच्या झाडांना कोकणातसुद्धा राख नको.

गोवरीच्या राखेचा हिशेब वेगळा आहे. तिच्यात शेणाबरोबर आलेली माती आणि वाळूच जास्त असते, त्यामुळे चुना कमी आणि वजन भरपूर. तिचा धोका लहान आणि लाभही लहान. भाताच्या तुसाची राख म्हणजे बहुतांश सिलिका. ती माती भुसभुशीत करायला बरी, पोटॅशसाठी तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

चाळणीवर उरलेले कोळसे टाकू नयेत. विझलेला लाकडी कोळसा हरभऱ्याएवढा ठेचून कुंडीच्या मिश्रणात शेकडा पाच-दहा भाग घातला तर निचरा सुधारतो. ऑर्किडवाले तर त्याचे तुकडे सोडणाच्या फाळक्यांबरोबर नेहमी वापरतात. पण कोरडा कोळसा सरळ मातीत गेला तर सुरुवातीला विद्राव्य अन्नद्रव्यं स्वतःच शोषून बसतो. म्हणून त्याला आधी शेणाच्या पातळ काल्यात पंधरवडाभर मुरवावं. धुराड्याला आणि हंड्याच्या बुडाला चढलेली काजळी मात्र यात मोडत नाही. अर्धवट ज्वलनातून तयार झालेली कर्करोगकारक द्रव्यं तिच्यात असतात, त्यामुळे ती पालेभाजीच्या जवळपासही नेऊ नये.

आणि मग प्रश्न येतो राख कशाची, हा. चूल लवकर पेटावी म्हणून दुधाची रिकामी पिशवी, प्लास्टिकचा तुकडा किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी लाकडाखाली सरकवणं हे इतकं रोजचं झालं आहे की विचारलं तर लोकांना आठवतही नाही. त्या एका पिशवीने दिवसभराची राख भाजीच्या वाफ्यासाठी बाद होते, कारण प्लास्टिक जळताना तयार होणारी विषारी द्रव्यं आणि त्याच्या रंगांतले धातू राखेत उतरतात. पेटवायला काथ्याची वेणी किंवा सुकी झावळ घ्यावी. जुन्या खिडक्या-दारांचं रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, लॅमिनेट, वाळवीनाशक लावलेले वासे यांची राख तर केळीलाही देऊ नये. जुन्या रंगांत शिसं असतं आणि ते पालेभाजीतून थेट ताटात येतं. मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांनी स्वच्छ इंधनाकडे वळावं, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला, तेव्हा या भट्ट्यांत जळणाऱ्या भंगारातल्या लाकडाची बरीच चर्चा झाली होती. अशा भट्टीची किंवा हॉटेलच्या तंदूरची पोतंभर राख कुणी फुकट देऊ केली तरी नाकारावी. दगडी कोळशाची राख तर खनिज राख आहे. तिच्यात आर्सेनिकसारखे धातू असतात, पोटॅश नावापुरतंच.

राहिला साठवणीचा भाग. भाजीला एकदाच दसऱ्याला राख द्यायची तर बाकीचे महिने ती कुठेतरी ठेवावी लागते. उघड्यावर ठेवली तर पोटॅश धुऊन जातं आणि खाली जमिनीवर कडक अल्कलीचं थारोळं होतं. म्हणून पत्र्याचा झाकणाचा डबा हवा. राखेच्या पोटात निखारा दोन-तीन दिवस जिवंत राहू शकतो, वरून ती थंडगार लागली तरी. प्लास्टिकच्या बादलीत किंवा गोणपाटात भरून गवताच्या उडवीशेजारी ठेवलेल्या राखेने आग लागते ती अशी. काढलेली राख आधी दोन-तीन दिवस उघड्या जमिनीवर, जळण आणि गवतापासून लांब, पसरून ठेवावी. मग हात घालून तळापर्यंत चाचपावं आणि कुठेच ऊब लागली नाही की डब्यात भरावी. डब्यावर खडूने लिहावं, लाकडाची की सोडणांची, कारण दोहोंची मापं वेगळी.

वर्षाला सत्तावीस किलो राख आणि दहा किलो घेणारी गुंठाभर बाग, अशी स्थिती असेल तर सतरा किलो उरणारच. ती माडांच्या आळ्यांत वाटून टाकता येते, झाडाला सव्वा किलो या मापाने तेरा-चौदा माड. तेवढे माड नसतील तर शेजारच्या आम्ल जमिनीतल्या बागेला द्यावी, भांडी घासायला ठेवावी, कडधान्याच्या साठवणीत घालावी. एवढं करूनही शिल्लक राहिली तर ती विहीर आणि ओहोळापासून दूर, पडीक जागेत विरळ पसरावी. पाण्यात मात्र जाऊ देऊ नये, कारण तिची अल्कली डबक्यातल्या माशांना घातक ठरते.